सल्ला हवा: 10 ऑर्डरी, 1 परत आली, खात्यात 4021.47. बाकीचे गेले कुठे?

वेंगुर्ला_काजू
नमस्कार मंडळी. आमची भागीदारी फर्म आहे, जीएसटी नोंदणी आहे. ऑनलाइन बाजारावर साधे काजूगर विकतो. 500 ग्रॅमचं पाकीट, जीएसटी धरून 630 रुपये. या हप्त्यात 10 पाकिटं गेली, त्यातलं 1 ग्राहकाने परत केलं. कमिशन 8 टक्के म्हणजे 50.40, पेमेंट फी 2 टक्के म्हणजे 12.60, शिपिंग 70. एकूण 133 वजा केले की पाकिटामागे 497 उरतात. नऊ पाकिटांचे 4473 यायला हवे होते. बँकेत आलेत 4021.47. फरक 451.53 चा. तक्रार टाकू का?

दापोली_हिशेब
तक्रार नंतर, आधी त्या परत आलेल्या ऑर्डरच्या ओळी पाहा. कमिशन परत मिळालंय का? पेमेंट फी मिळाली का? परतीचं शिपिंग किती लावलंय?

गुहागरकर
यात शोधायचं काय? सरकारसाठी बाजारवाले टीसीएस 1 टक्का आणि टीडीएस 1 टक्का कापतात. ते पैसे गेले म्हणून समजा. वरून कमिशनवर 18 टक्के जीएसटी असतो, तोही बुडीत.

वेंगुर्ला_काजू
@दापोली_हिशेब कमिशन परत आलंय, जीएसटीसकट. पेमेंट फी परत आलेली नाही. जातानाचं शिपिंग 70 तसंच लागलंय आणि येतानाचं 90 वेगळं.

दापोली_हिशेब
मग हिशेब पैशापर्यंत जुळतो, तक्रारीला जागा नाही.

133 रुपये ही बाजाराने तुम्हाला दिलेली सेवा, म्हणून त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, 23.94. नऊ पाकिटांचे 215.46. तुम्ही विसरलात ती मुख्य रक्कम हीच. टीसीएस पाकिटाच्या जीएसटीविरहित किमतीवर, 600 वर, अर्धा टक्का, म्हणजे 3 रुपये. नऊचे 27. टीडीएस 60 पैशांप्रमाणे 5.40. परत आलेल्या पाकिटावर 12.60, 70 आणि 90 असे 172.60, त्यावर जीएसटी 31.07, एकूण 203.67. चारही आकडे मिळवा, 451.53 होतात.

गुहागरकर, दर जुने सांगितलेत. टीसीएस 10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का आहे आणि टीडीएस 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का. एकट्या व्यक्तीच्या नावावर धंदा असेल, वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेला असेल, तर टीडीएस कापत नाहीत. फर्मला ती सूट नाही, म्हणून इथे कापलाय.

आणि बुडीत तर मुळीच नाही. फीवरचा जीएसटी 246.53 झाला (215.46 अधिक 31.07). तो तुमच्या GSTR-2B मध्ये दिसला की इनपुट क्रेडिट. टीसीएस पोर्टलवर "TDS and TCS Credit Received" मध्ये जाऊन स्वीकारावा लागतो, तेव्हाच रोख खात्यात जमा होतो. स्वीकारायचं राहून गेलं की पैसे तिथेच पडून राहतात, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. टीडीएस 26AS मध्ये येतो, रिटर्न भरताना मागायचा.

राजापूर_कोकम
आमचो आगळ स्वतःच्या वेबसाइटवर जाता. तिथे गेटवेवाले 2 टक्के आणि वर जीएसटी घेतत, टीसीएस काय नाय. तुम्ही पण तसाच करा ना.

दापोली_हिशेब
तुमचं खरं आहे, स्वतःच्या साइटवर मध्ये बाजार नाही म्हणून टीसीएस नाही. पण इथे प्रश्न आलेल्या पैशांचा आहे, धंदा हलवायचा नाही.

वेंगुर्ला_काजू
म्हणजे 4021.47 मधून काजूची खरेदी आणि मजुरी गेली की उरलं ते आमचं?

दापोली_हिशेब
नाही. नऊ पाकिटांवर ग्राहकाकडून घेतलेला 5 टक्के जीएसटी, 30 प्रमाणे 270, त्याच रकमेत आहे आणि तो तुम्हाला भरायचाय. फक्त या महिन्यात त्यातले 246.53 क्रेडिटने वळते होतील, उरलेल्या 23.47 ला टीसीएसचे 27 पुरून उरतात. काजूच्या खरेदीवरचं क्रेडिट यात धरलेलं नाही.

कर दोन्ही बाजूंनी वळता झाल्यावर पाकिटामागे खरे 467 उरतात, 600 वजा 133. तुमचा पाकिटाचा खर्च किती?

वेंगुर्ला_काजू
काजू, पाऊच, खोका, मजुरी धरून 380.

दापोली_हिशेब
मग पाकिटामागे नफा 87. नऊचे 783. परत आलेलं पाकीट पुन्हा विकण्याजोगं असेल तर 172.60 गेले, हातात 610.40. फाटलेलं किंवा मऊ पडलेलं असेल तर वर 380 गेले, एकूण 552.60, हातात फक्त 230.40. एका खराब परतीने सहा पाकिटांचा नफा खाल्ला. सातात एक परत यायला लागली तर अंगावर पडेल.

पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत काजू लवकर ओल धरतो, म्हणून परतीचं कारण आधी पाहा. "मऊ" असेल तर पाऊचचं सील तपासा. भरल्यावर पाऊच दाबून पाण्यात धरायचा, बुडबुडा आला तर सील कच्चं. "चुकीचं उत्पादन" असेल तर लेबल तपासा.

गुहागरकर
दराबाबत चुकलो, मान्य. पण शिपिंग 70 जास्त नाही का? 500 ग्रॅमचा स्लॅब स्वस्त असतो.

दापोली_हिशेब
मुद्दा चांगला काढलात. पण 500 ग्रॅम काजू, पाऊच आणि खोका मिळून 500 च्या वरच जाणार, म्हणजे पुढचा स्लॅब. खोका छोटा करून उपयोग नाही, कारण इथे खरं वजनच नडतंय. मोठ्या खोक्यात उलटं होतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात, ते किलोमधलं आकारमानी वजन. 24 × 18 × 12 चा खोका 1.04 किलो भरतो, आत अर्धा किलोच असला तरी. स्वस्त स्लॅब हवा असेल तर 400 ग्रॅमचं पाकीट काढून बघा.

दर हप्त्याला अहवाल उतरवून ऑर्डरनिहाय बेरीज करा. विक्री एका हप्त्यात आणि परतीची वजावट पुढच्या हप्त्यात येते, त्यामुळे हप्त्याच्या बेरजेवर विसंबलात तर गोंधळ होतो. A मध्ये ऑर्डर क्रमांक, F मध्ये रक्कम आणि H2 मध्ये शोधायचा क्रमांक असेल तर:

```
=SUMIF(A:A,H2,F:F)
```

चांगल्या ऑर्डरचं उत्तर 469.46 यायला हवं, परत आलेल्याचं वजा 203.67. वेगळं काही आलं तर त्याच ऑर्डरच्या ओळी उघडा.

वेंगुर्ला_काजू
बघितलं. आठ ऑर्डरी 469.46, एक 445.86. शिपिंग 70 ऐवजी 90 लावलंय आणि त्यावर जीएसटी, एकूण 23.60 जास्त. पण मग बँकेत 4021.47 कसे? हां, "समायोजन" म्हणून 23.60 ची वेगळी ओळ आहे, तिच्यावर ऑर्डर क्रमांकच नाही.

दापोली_हिशेब
म्हणजे वजन चुकीचं धरलं आणि त्यांनीच परत दिलं. त्या ओळीसमोर ऑर्डर क्रमांक हाताने लिहून ठेवा. पेमेंट फी परतीवर का ठेवली ते मात्र तुमच्या विक्रेता करारात पाहावं लागेल, प्रत्येक बाजाराचं वेगळं असतं.

राजापूर_कोकम
बाटलीक 5000 नेच भागतत काय? आमची 750 मिलीची असा.