मदत हवी आहे : दिलेल्या मालापेक्षा वहीत नग जास्त कसे भरतात?

मकरपुरावाला
मंडळी, बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे. शिफ्ट सुटताना कारागीर वहीत ओके, रिवर्क आणि रिजेक्शन लिहितात. कालचा हिशोब बघा. बुशसाठी १२० तुकडे कापून दिले. वहीत ओके १०९, रिवर्क ११, रिजेक्शन ८, आणि ३ तुकडे मशीनपाशी तसेच पडलेले. बेरीज १३१! कारागिराला विचारलं तर म्हणतो, "बधुं बराबर छे, शेठ." वही कशी आखावी?

भंगारबाबू
वहीचा नाद सोडा, संध्याकाळी भंगार काट्यावर टाका. काटा खोटं बोलत नाही.

जुना_सेटर
भंगारबाबू, टर्निंग म्हटलं की चिप्स निघणारच, ते काही नुकसान नव्हे. त्यात रिजेक्ट नग मिसळून तोलले तर काय कळणार? रिजेक्ट नग वेगळ्या पेटीत टाकून मोजायचे.
मकरपुरावाला, कारागीर खरंच बोलतोय. तुमचे जास्तीचे नग ११ आणि रिवर्कही ११. समजा त्यातले ८ सुधारून ओकेत गेले, ३ सुधारताना वाया गेले आणि रिजेक्शनमध्ये चढले. म्हणजे ते दोनदा मोजले गेले. मग पहिल्या फेरीत ओके १०१, रिवर्क ११, रिजेक्शन ५, शिल्लक ३, झाले १२०. रिवर्कचा निकाल त्याच ओळीत, पण वेगळ्या रकान्यात लिहा. तो या बेरजेत धरायचा नाही.

शिलाईवाली_इंदूर
आमच्याकडे नगावर मजुरी, त्यामुळे अल्टरचे कपडे कुणी लिहीतच नाही. पैसे कापायला लागल्यापासून तर बिघडलेला कपडा थेट पिशवीत घालून घरी! तुम्ही कापता का?

मकरपुरावाला
नाही ताई, आमच्याकडे महिन्याचा पगार आहे. सेटरदादा, बेरीज जुळली, आभार. पण रिवर्क एवढं येतं कुठून?

जुना_सेटर
ते शिफ्टअखेरच्या एका आकड्यातून दिसणार नाही. दर तासाला लिहायला सांगा आणि इन्सर्ट बदलला की त्या तासापुढे फुली मारा. इन्सर्ट झिजत गेला की बाहेरचा व्यास वाढत जातो. असा मोठा राहिलेला नग पुन्हा कापून सुधारतो, लहान झालेला मात्र गेलाच. फुलीच्या आधीच्या तासांत रिवर्क चढत असेल, तर ऑफसेट लवकर द्यायला हवा. आणि फुली मारल्यावर लगेच रिजेक्शन दिसलं, तर नव्या इन्सर्टवर जुनाच ऑफसेट राहिलाय, म्हणून नग लहान निघतायत.

मकरपुरावाला
सोमवारपासून तासाची वही. एक राहिलं. दिवसपाळीचा रिवर्क रात्रपाळीने सुधारला आणि बिघडवला, तर रिजेक्शन कुणाच्या नावावर?

जुना_सेटर
मी ज्याच्या हातून रिवर्क निघाला त्याच्या नावावर टाकायचो.

भंगारबाबू
हा अन्याय आहे. बिघडवला रात्रपाळीने!