मदत हवी आहे: झेंडू, कांद्याची साल व डाळिंबाची साल यांचे रंग सुती कापडावर टिकत नाहीत

मृण्मयी_नाशिक
नमस्कार. आमच्या बचत गटाने दसऱ्यानंतर उरलेली झेंडूची फुले, कांद्याच्या साली आणि डाळिंबाच्या साली वापरून सुती स्टोल रंगवले आहेत. रंगवल्यावर तिन्ही रंग सुरेख दिसत होते. झेंडूचा पिवळा मात्र पहिल्याच धुण्यात बिघडला, कांद्याचा रंग दोरीवर वाळत असताना फिका झाला आणि डाळिंबाचा जसाच्या तसा राहिला. तुरटी घातली होती. प्रदर्शन तोंडावर आले आहे, त्यामुळे रंग पक्का करण्याचा उपाय कृपया लवकर सांगावा. नैसर्गिक रंगांचे फायदे आम्हाला ठाऊक आहेत, ते नकोत.

विद्याधर_कु
उपाय अगदी सोपा आहे. रंगवलेले कापड मीठ आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून ठेवावे आणि सकाळी सावलीत वाळवावे. आमच्या घरी नवीन कपड्यांचा रंग जाऊ नये म्हणून आई हेच करीत असे आणि तो कधी गेला नाही.

जुना_रंगारी
मी इचलकरंजीत बरीच वर्षे कापड रंगवण्याच्या कामात होतो. उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. कापड कोरे होते की धुतलेले, आणि धुतले असल्यास कशाने? तुरटी कापडाच्या वजनाच्या किती प्रमाणात घातली, आणि ती रंगवण्याआधी दिली की रंगाच्या पातेल्यातच टाकली? रंगवल्यानंतर स्टोल कशाने धुतले? झेंडूचा पिवळा "बिघडला" म्हणजे फिका झाला की वेगळाच झाला? आणि डाळिंबाचा रंग नेमका कोणता आला होता?

शुभदा_प
माझाही हाच प्रश्न आहे. मागच्या महिन्यात घेतलेला गर्द निळा सुती ड्रेस प्रत्येक धुण्यात रंग सोडतो आणि बाकीचे कपडे निळे होतात. त्याला डाळिंबाची साल लावावी का?

मृण्मयी_नाशिक
शुभदाताई, तो कारखान्यात रंगवलेला कपडा आहे, माझा प्रश्न वेगळा आहे.

रंगारीकाका, कापड दुकानातून आणलेले मांजरपाट आहे आणि ते साध्या पाण्यातून काढले होते. तुरटी अंदाजाने मूठभर, रंग उकळत असतानाच पातेल्यात टाकली. स्टोल नेहमीच्या धुण्याच्या पावडरीने धुतले. झेंडूचा रंग फिका कमी झाला, पिवळ्याचा मळकट नारिंगी जास्त झाला. डाळिंबाचा राखाडी आला. आम्हाला पिवळा हवा होता, पण तोही छान दिसत होता म्हणून ठेवला. पातेली कमी पडली म्हणून तो मोठ्या लोखंडी कढईत केला होता. एवढ्या माहितीची खरोखर गरज आहे का?

जुना_रंगारी
गरज आहे, कारण तुमचे अर्धे उत्तर त्या कढईत आहे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असते आणि लोखंडाशी त्याची गाठ पडली की राखाडी ते काळपट रंग तयार होतो. तो धुण्यात आणि उन्हात पिवळ्यापेक्षा कितीतरी अधिक टिकतो. म्हणजे तुम्ही डाळिंबाची तुलना झेंडूशी आणि कांद्याशी केलेलीच नाही. एकीकडे टॅनिन आणि लोखंड होते, दुसरीकडे नुसती फुले आणि साली. डाळिंब स्टीलच्या पातेल्यात केले असते तर पिवळसर रंग आला असता. टॅनिनमुळे तोही बऱ्यापैकी टिकला असता, पण इतका नाही.

आता झेंडूकडे येऊ. जो रंग फिका न होता वेगळा झाला, तो निसटला असे एकदम म्हणू नये. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो आणि सोड्याने झेंडूचा पिवळा नारिंगीकडे, तपकिरीकडे झुकतो. तो स्टोल पाण्यात किंचित लिंबू पिळून बुडवून पाहा. पिवळा बराचसा परत आला, तर तुमचा गुन्हेगार पावडर आहे. पुढे रिठ्याच्या पाण्यात धुवावा.

कांद्याचे दुखणे तिसरेच आहे. तो रंग पाण्याने गेला नाही, उन्हाने गेला. कांद्याच्या सालीत क्वेर्सेटिन असते. तुरटीने ते कापडाला बरे चिकटते, पण त्याच्या रेणूची घडणच अशी आहे की उन्हापुढे ते फार काळ टिकत नाही. झेंडूतील मुख्य पिवळे द्रव्य त्याच कुळातले आहे, म्हणून तोही उन्हात कमजोर आहे. धुण्याला पक्का म्हणजे उन्हाला पक्का असा नियम नाही.

विद्याधर_कु
लिंबू चालते आणि व्हिनेगर चालत नाही, हे मला कळले नाही. दोन्ही आंबटच आहेत.

जुना_रंगारी
लिंबू फक्त पावडरीची परीक्षा म्हणून सांगितले, रंग पक्का करण्यासाठी नव्हे. व्हिनेगर कामी येते ते लोकर आणि रेशमावर, ठरावीक आम्ल रंग चढवताना. मिठाचाही उपयोग आहे, पण तो कारखान्यातील काही रंग सुतावर ढकलण्यासाठी रंगवताना होतो. रंगवून झाल्यावर मिठाच्या पाण्याने झेंडू सुतावर पक्का होत नाही. आईंचा अनुभव खोटा नाही, पण बहुधा ते कपडे मुळातच पक्क्या रंगाचे असावेत.

विद्याधर_कु
अनुभवाला शास्त्राचे प्रमाणपत्र लागत नाही, एवढेच म्हणतो.

केतकी_सावंतवाडी
मी प्राजक्ताच्या केशरी देठांनी रुमाल रंगवले होते. रंग इतका मोहक आला की मी ते सगळ्यांना वाटले. पण खिडकीजवळ ठेवलेला रुमाल काही दिवसांतच पांढरट झाला, तर कपाटातला अजून केशरी आहे. हळदीचेही तेच होते, आणि साबण लागला की ती लाल होते ते वेगळेच. माझ्या मते प्राजक्त आणि हळद विकण्याच्या वस्तूंसाठी वापरूच नयेत. कोणी मोरचुदाचा प्रयोग केला आहे का? त्याने रंग उन्हाला टिकतो असे ऐकले आहे.

जुना_रंगारी
बरोबर ऐकले आहे. मोरचुदाने उन्हाचा टिकाऊपणा वाढतो आणि रंग हिरवट होतो. पण उरलेले तांब्याचे पाणी ओतायचे कुठे, हा प्रश्न घरगुती कामात सुटत नाही. ते झाडांना आणि पाण्यातील जीवांना घातक असते. मी गटाला तो सल्ला देणार नाही. हिराकस पुरेसा आहे.

अनिरुद्ध_ठाणे
रंगवण्यापूर्वी सोयाबीनच्या दुधात कापड बुडवल्यास रंग गडद येतो. आमच्या सोसायटीच्या कार्यशाळेत हेच शिकवले होते आणि तुरटीचे नावही काढले नव्हते. कलमकारीतही दूध वापरतातच.

जुना_रंगारी
श्रीकालहस्तीच्या कलमकारीत कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतात हे खरे आहे. पण दुधाचे काम तिथे शाई पसरू न देणे हे आहे, आणि रंगाला कापडाशी जोडते ती पुढे दिली जाणारी तुरटी. सोयाबीनच्या दुधाने रंग गडद दिसतो याविषयी माझा वाद नाही. तो किती धुण्यांनंतर गडद राहतो, ते कार्यशाळेच्या दिवशी कळत नाही.

अनिरुद्ध_ठाणे
माझा टेबलक्लॉथ अजून चांगला आहे. अर्थात तो आम्ही फारसा धुतलेला नाही.

मृण्मयी_नाशिक
लिंबाचे करून पाहिले. पिवळा बराचसा परत आला, त्यामुळे ती शंका मिटली. आता पुढचे स्टोल पहिल्यापासून नीट करायचे असतील तर प्रमाण सांगावे. "अंदाजाने" हा शब्द मी यापुढे वापरणार नाही.

जुना_रंगारी
कोरड्या कापडाचे वजन १०० ग्रॅम धरू. मांजरपाटावर खळ आणि मेण असते, ते साध्या पाण्याने जात नाही. धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून ते तासभर उकळावे. पाणी चहासारखे पिवळट होईल, ती खरी घाण आहे. वाळल्यावर कापडावर पाण्याचा थेंब सोडून पाहावा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळावे, लगेच शोषला गेला तर पुढे जावे. या परीक्षेशिवाय बाकी सगळे व्यर्थ आहे, कारण मेणावर कोणताच रंग धरत नाही.

त्यानंतर सुमारे १५ ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात घालून कापड त्यात रात्रभर ठेवावे. सुताला तुरटी स्वतःहून फारशी धरवत नाही, हिरड्याचे टॅनिन ती धरून ठेवते. मग १५ ग्रॅम तुरटी आणि साधारण २ ग्रॅम धुण्याचा सोडा वेगवेगळ्या गरम पाण्यात विरघळवून सावकाश एकत्र करावे. फेस येईल, म्हणून भांडे मोठे घ्यावे. कापड त्यात काही तास भिजवून पिळावे, वाळवावे, मग रंगात घालावे. झेंडूच्या सुक्या पाकळ्या कापडाच्या वजनाइतक्या आणि कांद्याची साल त्याच्या निम्मी घेतली तरी चालते. खळखळ उकळू नये, वाफ येत राहील इतपत आच पुरे. हिरड्यामुळे झेंडूचा पिवळा थोडा मातकट होईल, हे आधीच मान्य करून चालावे.

उन्हासाठी शेवटी १ ते २ ग्रॅम हिराकस विरघळवून कापड काही मिनिटे बुडवता येते. झेंडू मग शेवाळी होतो आणि अधिक टिकतो. प्रमाण वाढवण्याचा मोह टाळावा, कारण लोह जास्त झाले तर सूत कालांतराने कुजल्यासारखे फाटते. चमकदार पिवळा आणि उन्हाला पक्का, असे दोन्ही झेंडूकडून मिळणार नाही. उन्हाला टिकणारा रंग हवा असेल तर मंजिष्ठेचा लाल किंवा निळीचा निळा पाहावा.

मृण्मयी_नाशिक
मंजिष्ठेला आत्ता वेळ नाही. पुढच्या वेळी रंग टिकतो की नाही हे विकण्यापूर्वी कसे ओळखायचे?

जुना_रंगारी
प्रत्येक रंगाच्या दोन पट्ट्या कापाव्यात. एकीला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा शिवून रिठ्याच्या आणि पावडरीच्या पाण्यात वेगवेगळे धुवावे, पांढऱ्याला डाग पडतो का ते पाहावे. दुसरीचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर ठेवावा. काचेमागे ठेवल्यास उन्हाचा काही भाग गाळला जातो, मग निकाल खोटा गोड येतो. पुठ्ठा उचलल्यावर मधली रेघ जितकी स्पष्ट, तितका रंग उन्हाला कच्चा. प्रयोगशाळेत उन्हाची परीक्षा १ ते ८ आणि धुण्याची १ ते ५ अशा पट्ट्यांवर मोजतात. तुम्हाला आकडा नको, रेघ पुरे.

शुभदा_प
माझ्या निळ्या ड्रेसचे कोणीच सांगितले नाही.

जुना_रंगारी
शुभदाताई, जादा चढवलेला रंग धुतल्यानेच निघतो. थंड पाण्यात तो ड्रेस वेगळा धुवावा, तुरटी किंवा साल लावू नये.

मृण्मयी_नाशिक
पट्ट्या गच्चीवर ठेवल्या आहेत. हिराकस दिलेला झेंडू शेवाळी आला. गटातल्या दोघी म्हणतात की हा रंग कोणी घेणार नाही. बाकीच्या म्हणतात की पिवळ्या स्टोलच्या चिठ्ठीवर "रिठ्याने धुवावा, सावलीत वाळवावा" असे लिहून तेच विकावेत. चिठ्ठी लिहिली तरी गिऱ्हाईक ती वाचेल का, याबद्दल मला शंका आहे. आधी रंगवलेल्या स्टोलना आता वरून हिरडा आणि तुरटी दिली तर उपयोग होईल का?

जुना_रंगारी
थोडा होतो, पण रंग डागाळतो आणि बराचसा तुरटीच्या पाण्यात उतरतो. एका खराब झालेल्या स्टोलवर करून पाहावे, सगळ्यांवर एकदम नको.

विद्याधर_कु
त्याच एका स्टोलच्या अर्ध्या भागाला मीठ आणि व्हिनेगर द्यावे, म्हणजे वादही मिटेल.

मृण्मयी_नाशिक
तेही करते. पण पावडरीने धुईन, आधीच सांगून ठेवते.