मदत हवी आहे: प्रात्यक्षिकाच्या गुणांबद्दल परीक्षा समितीला अर्ज

नमस्कार. मी मुंबईत बीएस्सी नर्सिंग करते. प्रात्यक्षिकात मॅनिकिनवर रायल्स ट्यूब घालायची होती. ट्यूब जठरात आहे हे तपासायला मी सिरिंजने ओढलं. मॅनिकिनमधून रस येत नाही, म्हणून तोंडी सांगितलं, "रसाचा पीएच पट्टीवर बघेन, ५.५ किंवा कमी असेल तरच फीड देईन." हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकला नाही म्हणून परीक्षकांनी त्या पायरीचे सगळे गुण कापले. पण ट्यूब फुफ्फुसात गेली तरी तसाच आवाज येऊ शकतो! रुग्णाच्या जिवाशी खेळ होणारी ही पद्धत मला पटत नाही.

अर्जाचा मुख्य भाग असा लिहिलाय:

"माननीय परीक्षा समितीस, परीक्षकांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या चेकलिस्टमधील 'ट्यूबची जागा तपासणे' ही पायरी पुन्हा पाहावी. पीएच तपासणी ग्राह्य नसल्यास तसा लेखी निकष दाखवावा, ही नम्र विनंती."

अर्ज प्राचार्यांमार्फतच द्यावा का? आणि प्रात्यक्षिक पुन्हा घेता येत नसेल, तर गुणवाढ मागावी की फक्त चेकलिस्टची पडताळणी? असा अर्ज केलेल्या ताई-दादांनी कृपया सांगा.