रात्री फोनच्या 3x झूमवर चेहरे पुसट का येतात?

> "दिवसा 3x वर फोटो एकदम कडक येतो, रात्री त्याच 3x वर चेहरे पुसट. लेन्स बिघडली का? गॅदरिंगला नाइट मोड लावू का?"

लेन्स बहुधा ठीक आहे, रात्री ती वापरलीच जात नसावी. टेलिफोटोचा, म्हणजे 3x साठी असलेल्या वेगळ्या कॅमेऱ्याचा, सेन्सर मुख्य कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा बहुतेक वेळा लहान असतो. त्यामुळे उजेड कमी झाला की बरेच फोन न सांगता मुख्य कॅमेऱ्यावर जातात आणि मधला तुकडा कापून मोठा करतात. स्क्रीनवर 3x च दिसतं, पण झूम डिजिटल झालेला असतो. लांबी-रुंदी दोन्ही एक तृतीयांश, म्हणजे चित्राचा जेमतेम नववा हिस्सा उरतो.

खात्री करायची तर रात्री 3x लावून टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर चित्र मुख्य कॅमेऱ्याचं आहे. मग 1x वर काढून नंतर क्रॉप केलंत तरी फारसा फरक पडणार नाही. त्यापेक्षा चार रांगा पुढे जाऊन बसा, खरंच.

नाइट मोड एकामागोमाग बऱ्याच फ्रेम घेऊन त्या जुळवतो. देवळाची दीपमाळ, रिकामा रस्ता यासाठी तो उत्तम, कारण तिथे काही हलत नाही. नाचणाऱ्या मुलांचे मात्र हात विरघळल्यासारखे येतात. शिवाय स्टेजवर दिवे भरपूर असतात, अंधार असतो तो प्रेक्षकांत. नाइट मोड बंद करा, चेहऱ्यावर टॅप करा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. चेहरे पांढरेफटक पडणार नाहीत आणि शटरही जलद चालेल.