लोणच्या-मसाल्यांच्या छोट्या ब्रँडने पोस्टसाठी रंग, फॉन्ट आणि साचे कायमचे ठरवून घ्यावेत का?

धागाकर्ती: आम्ही घरी मसाले आणि लोणची करून इन्स्टाग्रामवर विकतो. आजवर प्रत्येक पोस्टचा रंग आणि अक्षरे निराळी राहिली, त्यामुळे पोस्ट पाहून ती आमचीच आहे हे कोणाला ओळखू येत नाही. हळदीचा पिवळा आणि त्यावर पांढरी अक्षरे, असा एकच साचा ठरवण्याचा विचार आहे. भाचीच्या मते त्याने सगळे कंटाळवाणे होईल. आपले मत काय?

अक्षरजुळणीकार: साचा अवश्य ठरवावा, पण ही रंगजोडी घेऊ नये. हळदीसाठी #E3A008 हा पिवळा धरला, तर त्यावरील पांढऱ्या अक्षरांचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर जेमतेम २.३ भरते; लहान मजकुरासाठी किमान ४.५ असावे, असा वेबवरील सुगम्यतेचा दंडक आहे. त्याच पिवळ्यावर #4A1410 हा गडद तपकिरी-लाल वापरल्यास ते ६.६ च्या आसपास जाते, आणि मसाल्यांच्या छायाचित्रांशी त्याचा मेळही बसतो. पांढरा रंग अक्षरांऐवजी मोकळ्या जागेसाठी राखावा.

फॉन्टच्या बाबतीत खरी अडचण ओळींमधल्या अंतराची असते. तयार साचे बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात; त्यांत 'घरगुती' ही ओळ वर आणि 'कैरीचे लोणचे' ही खाली आली, की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर आदळतो. ओळींतले अंतर अक्षराच्या आकारमानाच्या १.४ ते १.५ पट ठेवले की हे टळते. शीर्षकासाठी जाड 'बलू २' आणि मजकुरासाठी 'मुक्त' घ्यावा. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप'चे आहेत आणि मोफत मिळतात. तिसरा फॉन्ट आणूच नये. साचा पक्का करण्यापूर्वी आपल्या यादीतले सर्वांत लांब नाव त्यात घालून पाहावे, कारण 'तिखट' हा शब्द कोणत्याही साच्यात शोभतो आणि 'उपवासाचे लिंबाचे गोड लोणचे' हे नाव त्याच साच्याची परीक्षा पाहते.

पदार्थांची छायाचित्रे काढणारा: मी भाचीच्या बाजूने आहे. ग्राहक रंगीत चौकट विकत घेत नाही, लोणच्याची फोड पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटते. एकाच खिडकीशी, एकाच वेळी, एकाच कापडावर छायाचित्रे काढली, की साच्यावाचून सगळ्या पोस्ट एका घरच्या दिसतात. मजकूर कॅप्शनमध्ये लिहावा. आणि साचा करायचाच असेल तर चौरस करावा, कारण प्रोफाइलवर चौकोनच दिसतात.

अक्षरजुळणीकार: प्रकाशाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, पिवळ्या दिव्याखाली काढलेली छायाचित्रे कोणताही साचा सावरू शकत नाही. चौरसाचा सल्ला मात्र जुना झाला. जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरील जाळी ३:४ प्रमाणात, म्हणजे उभी दिसू लागली. १०८० × १३५० ची पोस्ट तेथे दोन्ही बाजूंनी सुमारे ३४ पिक्सेल कापली जाते, म्हणून किंमत किंवा नाव कडेला चिकटवू नये. शिवाय किंमत आणि वजन केवळ कॅप्शनमध्ये लिहिले, तर ते न उघडताच पुढे जाणाऱ्यांना दिसत नाही.

साडीविक्रेती: आमच्याकडे याच हौसेने प्रत्येक साडीभोवती गडद लाल चौकट घातली होती. तिच्या शेजारी मोतिया साडी हिरवट भासू लागली आणि 'रंग वेगळा निघाला' म्हणून साड्या परत येऊ लागल्या. आता आम्ही वस्तूभोवती पांढरी किंवा फिकट राखाडी जागा सोडतो आणि ब्रँडचा रंग फक्त खालच्या पट्टीत ठेवतो. लोणच्याला हे लागू पडेल की नाही, सांगता येत नाही.

नवउद्योजक: बरणीच्या लेबलासाठी लोगो कोणाकडून करून घ्यावा, हे कोणी सांगेल का?

अक्षरजुळणीकार: तो वेगळा विषय आहे. साडीविक्रेतींचा मुद्दा मात्र येथेही लागू पडतो: पिवळ्या चौकटीत हळद फिकी आणि कैरीच्या फोडी निस्तेज दिसतील. त्यामुळे माझ्या सूचनेत एवढी दुरुस्ती करतो की छायाचित्राच्या पोस्टमध्ये रंग पट्टीपुरता असावा आणि पूर्ण पिवळी पार्श्वभूमी केवळ मजकुराच्या पोस्टला, म्हणजे दरपत्रक, सुट्टीची सूचना किंवा ग्राहकाचा अभिप्राय यांना द्यावी. असे तीन-चार साचे पुरतात.

पदार्थांची छायाचित्रे काढणारा: पट्टीपुरते मान्य आहे. पण दिवाळीत फराळाच्या पोस्टलाही तीच पट्टी लावली तर सणाचा रंग कोठे उरला? त्या पंधरवड्यात साचा बाजूला ठेवावा, असे माझे मत कायम आहे.

धागाकर्ती: सणाच्या वेळी फॉन्ट तेच ठेवून फक्त रंग बदलले, तर पोस्ट आमची म्हणून ओळखू येतील का? दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होण्यापूर्वी एवढे ठरवायचे आहे.