पट सापशिडीचा की आणखी कसला? आणि चकत्या त्याच पटाच्या का?

डिचोलीकर
आजोळचा माळा उपसताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत लाकडाच्या गोल चकत्या आहेत, १३ काळ्या आणि ९ पांढरट. दोन लहान फासे आहेत. आणि पुठ्ठ्यावर डकवलेल्या रंगीत पटाचा हातभर फाटका तुकडा. त्यावर खालच्या ओळीत डावीकडून ४, ५, ६, ७, ८, ९ अशी घरं, आणि ९ नंतर पटाची कड. वरच्या ओळीत ३१, ३२, ३३, ३४, ३५ आणि कडेला १०. तिसऱ्या ओळीतली ५०, ५१, ५२ एवढीच शिल्लक, पुढचं फाटलंय. ५, ९, ३२ आणि ५० मध्ये बदकासारखा पक्षी आहे, ६ मध्ये पूल, ३१ मध्ये विहीर, ५२ मध्ये गजांमागे माणूस. घरात कोणालाच हा खेळ आठवत नाही. हा कुठला खेळ? आणि डब्यातलं सगळं एकाच खेळाचं समजायचं का?

सांखळीकर
आकड्यांची घरं आणि फासे म्हणजे सापशिडीच. पूर्वीच्या पटांवर नुसते साप नसत, प्रत्येक घराला पुण्य-पापाचं काहीतरी चिन्ह असे. आपला मोक्षपट तसाच, तो ज्ञानेश्वरांनी केल्याचं मानतात. गजांमागचा माणूस हे पापाचं फळ, पूल म्हणजे तरून जाणं. मला तरी यात शंका वाटत नाही.

कॅरमप्रेमी, म्हापसा
पांढऱ्या बरोबर ९ आहेत ना? मग त्या कॅरमच्या सोंगट्या. पांढऱ्या नऊ, काळ्या नऊ आणि एक राणी. राणी हरवली असेल, चार काळ्या दुसऱ्या संचातून आल्या असतील. आमच्या घरी तीन संच असेच एकमेकांत मिसळलेत.

मडगावची वकीलीण
मला वाटतं तुम्ही दोघेही उलट्या टोकाकडून निघालात. पट कागदाचा, तो फाटतो, पोरं दुसराच आणून डब्यात टाकतात. टिकतात त्या सोंगट्या, म्हणून खेळ त्यांच्यावरून ओळखावा. दोन रंगांच्या गोल चकत्या म्हणजे दामा. माझे सासरे रोज संध्याकाळी बाल्कांवात बसून खेळायचे. एका बाजूला बारा चकत्या, पट बुद्धिबळाचाच. आकड्यांचा पट मागाहून डब्यात आला असणार.

फोंड्याचे मास्तर
वकीलीणबाई, बारांचा दामा असेल तर तेरावी काळी चकती कुठून आली? हरवल्याने संख्या कमी होते, वाढत नाही. म्हणून तुकड्यातुकड्यांतून खेळ शोधताना मी आधी सगळ्यात मोठी संख्या बघतो. इथे ती १३. कॅरमचे नऊ त्यात बसत नाहीत, दाम्याचे बारा बसत नाहीत. बसतो तो गामांव, ज्याला इंग्रजीत बॅकगॅमन म्हणतात. त्यात प्रत्येकाला १५ चकत्या आणि खेळायला फासे. म्हणजे दोन काळ्या आणि सहा पांढऱ्या गेल्या, एवढंच. दहा-दहा घरांच्या मोठ्या दाम्यातही प्रत्येकाला २० चकत्या असतात, तोही शक्य आहे. पण फासे डब्यात असल्यामुळे माझं मत गामांवकडे झुकतं.

आता पट. सांखळीकरभाई, तुमचं म्हणणं आकड्यांनीच तपासता येतं. दहा घरांच्या ओळीची सापशिडी घ्या. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उलट येते. म्हणून ४ च्या डोक्यावर १७ येतो, ५ च्या डोक्यावर १६. खाली आकडा वाढतो तसा वरचा घटतो, बेरीज २१ च राहते. डिचोलीकरांच्या तुकड्यात ४ वर ३१, ५ वर ३२, ६ वर ३३ आहेत. दोन्ही ओळी एकाच दिशेने वाढतात, फरक सगळीकडे २७. असं होतं ते वाट कडेकडेने पूर्ण फेरी मारून आत वळते तेव्हाच. शिवाय ९ च्या लगेच वर १० आहे, म्हणजे कोपऱ्यावरून वाट वर चढते. हा गोगलगाईच्या शंखासारखा आत जाणारा पट आहे.

सांखळीकर
आकड्यांचं मान्य. पण गोल वळणाच्या सापशिड्याही छापल्या गेल्या आहेत. वाट आत वळते एवढ्यावरून सापशिडी नाही असं कसं म्हणता येईल?

फोंड्याचे मास्तर
एवढ्यावरून नाहीच म्हणता येणार. म्हणून पुढची दोन कामं करायला हवीत, पट किती घरांचा होता ते काढायचं आणि चित्रं कुठल्या आकड्यांवर आहेत ते बघायचं.

घरं मोजू. ४ च्या डावीकडे ३, २, १ होती असं धरतो, म्हणजे खालची ओळ १ ते ९ ची. वरच्या ओळीत ३१ च्या डावीकडे ३०, मग २९, आणि हा २९ येतो २ च्या डोक्यावर. १ च्या डोक्यावर मग उरतो २८, तेच बाहेरच्या फेरीचं शेवटचं घर. फेरीत एकूण २८ घरं, त्यातली खाली ९ आणि वर ९. उरली १०, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच. पट ९ घरं रुंद आणि ७ घरं उंच झाला. नऊ सत्ते त्रेसष्ट! तिसरी ओळही याला दुजोरा देते. ३१ च्या वर ५० आहे, फरक १९. आतली फेरी बाहेरच्यापेक्षा आठ घरांनी लहान असायलाच हवी, आणि २७ मधून ८ गेले की १९ च उरतात.

त्रेसष्ट घरं, आत वळणारी वाट आणि मधूनमधून हंस, हा युरोपातला हंसांचा खेळ आहे. पोर्तुगालात त्याला जोगु द ग्लोरिया म्हणतात. लंडनमध्ये १५९७ सालीच त्याच्या छपाईची नोंद झालेली आहे, इतका तो जुना. त्यात चित्रं हवी तिथे काढत नाहीत. ६ वर पूल, १९ वर खानावळ, ३१ वर विहीर, ४२ वर भूलभुलैया, ५२ वर तुरुंग, ५८ वर मृत्यू. हंस दर नऊ घरांनी, दोन रांगांत: ५, १४, २३, ३२, ४१, ५०, ५९ आणि ९, १८, २७, ३६, ४५, ५४. डिचोलीकरांनी सांगितलेली सातही चित्रं अगदी त्याच आकड्यांवर आहेत, आणि तुकड्यात एकही साप वा शिडी नाही.

पेडण्याची माहेरवाशीण
तीन ओळींचा पट्टा म्हटल्यावर मला माझ्या आजीचा सारीपाट आठवला. त्याच्या एका भुजेत तीन ओळी आणि आठ-आठ घरं असतात. आमचा कापडी आहे, कवड्यांनी खेळतो, आणि एक भुजा उंदरांनी खाल्ली आहे. ती दुसऱ्या कापडाने जोडायची की तशीच ठेवायची ते कोणी सांगेल का? आणि डिचोलीकर, तुमचा तुकडा सेलोटेपने चिकटवू नका हो. टेप काही वर्षांनी पिवळी पडते आणि सोबत रंग उपटते.

फोंड्याचे मास्तर
काकी, सारीपाटाच्या घरांना आकडे नसतात, म्हणून तो इथे बसत नाही. टेपचं मात्र अगदी खरं आहे.

डिचोलीकर, माझं म्हणणं खोटं पाडायची एक संधी तुमच्या हातात आहे. या खेळात हंसावर आलं की तेच दान पुन्हा चालतात. हंस दर नऊ घरांनी, त्यामुळे पहिलंच दान नऊ पडलं तर माणूस हंसावरून हंसावर जात थेट ६३ गाठेल आणि खेळ तिथेच संपेल. तसं होऊ नये म्हणून नियम आहे: पहिलं दान सहा-तीनचं असेल तर २६ वर जायचं, पाच-चारचं असेल तर ५३ वर. त्या दोन घरांत फाशांचंच चित्र असतं. ५३ तुमच्या ५२ च्या लगेच उजवीकडे येतं. फाटलेल्या कडेला काही उरलंय का ते भिंगाने बघा.

डिचोलीकर
आत्ताच बघितलं. ५२ च्या रेघेपलीकडे ५३ ची जेमतेम करंगळीएवढी पट्टी उरली आहे. तिच्यात पांढऱ्या चौकोनाची डावी कड आहे आणि तिला लागून दोन काळे ठिपके, एक वर एक खाली. मला ते आधी पक्ष्याचे डोळे वाटले होते! चकत्याही मोजल्या. रुंदी २.६ सेंटीमीटर, एका अंगाला उठावाची कडी आहे.

कॅरमप्रेमी, म्हापसा
२.६ असेल तर कॅरम नाही, मी मागे घेतो. कॅरमची सोंगटी तीन सेंटीमीटरच्या थोडी वरच असते.

फोंड्याचे मास्तर
डाव्या कडेला वर-खाली दोनच ठिपके चौक्यात किंवा पंजात येतात. छक्क्यात तीन आले असते. ५३ मध्ये नेमके पाच आणि चारच हवेत. तो फासा त्या दोघांतला कुठला, ते एवढ्या पट्टीवरून सांगता येणार नाही, पण पटाविषयी माझा निकाल झाला.

मडगावची वकीलीण
पटाचं मला पटलं. पण मास्तर, हंसांच्या खेळाला प्रत्येकाची एकच खूण लागते. बावीस चकत्या त्याला नकोतच, म्हणजे माझं अर्धं म्हणणं खरं ठरलं, डब्यात दोन खेळ आहेत. आणि कडी उठावाची आहे ना? दाम्यात राणी करताना चकतीवर चकती ठेवतात, ती सरकू नये म्हणून कडी. तुमच्या गामांवात ती कशाला लागते? मी अजूनही दाम्याकडे आहे, बारांचा नसेल तर वीसांचा.

फोंड्याचे मास्तर
कडी दोन्ही खेळांच्या चकत्यांना करतात, तिच्यावरून मी ठरवणार नाही. वीसांचा दामा मी आधीच नाकारलेला नाही. मात्र तसं असेल तर वीसांपैकी अकरा पांढऱ्या हरवल्या असं मानावं लागतं, आणि गामांव धरला तर सहाच.

सांखळीकर
पट सापशिडीचा नाही हे मी मान्य करतो. पण पोर्तुगीज काळ म्हणून तो पोर्तुगीजच, असं कोणी पटकन धरू नका. हेच आकडे आणि हीच चित्रं फ्रेंच आणि इटालियन पटांवरही असतात. तुकड्यावर एक शब्द छापलेला असता तर भाषा कळली असती.

मडगावची वकीलीण
आणि फासे कोणाचे? हंसांच्या खेळाला दोन लागतात, गामांवलाही दोन. माझ्या मते ते चकत्यांसोबत ठेवावेत. लाकूड-हाडाच्या वस्तू एकत्र टिकतात.

फोंड्याचे मास्तर
मी पटासोबत ठेवेन. ६३ घरांचा पट फाशांशिवाय खेळताच येत नाही. दामा मात्र येतो, आणि चकत्या दाम्याच्या आहेत असं तुम्हीच म्हणताय.

डिचोलीकर
सध्या तीन वेगळ्या पाकिटांत ठेवतो, पट, चकत्या आणि फासे. माळ्यावर अजून दोन ट्रंका उघडायच्या आहेत. आता शोधायचं काय ते कळलं: २६ चं घर असलेला तुकडा, आणि चौदावी काळी चकती. सोळा सापडल्या तर वकीलीणबाईंना लगेच कळवतो.