'शुग ते' आणि 'शुग सो' : कानाला एक, लिखाणात दोन

नवशिकी
गोठणगावच्या तिबेटी वसाहतीजवळ माझी शाळा आहे. तिथल्या एका आजींकडून दर शनिवारी तिबेटी शिकते. सध्या प्रज्ञापारमिताहृदयाची सुरुवात चालू आहे. त्या म्हणतात तसं कानाने टिपलंय:

दि के दाग गी थ्यो पा दू चिग ना। चोम देन दे ग्याल पोई खाब ज्या गो फुंग पोई री ला गे लोंग गी गेन दुन छेन पो दांग। जांग छुब सेम पाई गेन दुन छेन पो दांग थाब चिग तु शुग ते। देई छे चोम देन दे छो की नाम डांग साब मो नांग वा शे जा वाई तिंग ङे जिन ला ञोम पार शुग सो॥

अर्थ ढोबळ कळला: मी असं ऐकलं, भगवान राजगृहाच्या गृध्रकूट डोंगरावर भिक्षू आणि बोधिसत्त्वांच्या मोठ्या संघासह होते, त्या वेळी ते समाधीत गेले. अडलंय ते एवढंच. 'गी' दोनदा आलाय, तो एकच प्रत्यय आहे का? आणि 'शुग' दोनदा आलाय, एकदा 'ते' लागून, एकदा 'सो' लागून. एकाच क्रियापदाची ही दोन रूपं का?

पालीप्रेमी
ताई, आम्ही नागपूरला सुत्तपठणात 'एवं मे सुतं, एकं समयं भगवा' असंच म्हणतो, तेच हे. पण माझ्याकडच्या हृदयसूत्राच्या पुस्तकात ही सुरुवातच नाही, एकदम अवलोकितेश्वरापासून सुरू होतं. तुमच्या पाठात कुणी मागाहून भर घातली असेल. आधी तो पाठ तपासून घ्या.

तळटीप
दादा, पाठ बरोबर आहे. या सूत्राचा एक लहान पाठ आहे आणि एक मोठा. चीन-जपानकडे लहान पाठ जास्त म्हणतात, तिबेटी लोक मोठा म्हणतात. तुमचं पुस्तक लहान पाठाचं असणार.

अर्धविराम
मी दोन वर्षं तिबेटी शिकतोय, सांगतो. 'गी' म्हणजे आपला चा-ची-चे. त्याला शेवटी 'स' जोडला की तो 'ने' होतो. 'शुग' म्हणजे बसणे. 'ते' म्हणजे 'ऊन', म्हणून 'बसून'. आणि 'सो' हा भूतकाळाचा प्रत्यय, म्हणून 'बसले'. बसून मग ध्यानाला बसले, सरळ आहे.

तळटीप
'गी'चं अगदी बरोबर सांगितलंत, तिथूनच सुरुवात करू. ताई, पुढच्या शनिवारी पोथी उघडून आजींना त्या दोन जागांवर बोट ठेवायला सांगा. 'दाग'नंतर 'गिस' लिहिलेलं दिसेल आणि 'गे लोंग'नंतर नुसतं 'गि'. शेवटचा 'स' उच्चारात जवळजवळ विरून जातो, म्हणून तुम्हाला दोन्हीकडे 'गी'च ऐकू आलं. 'दाग गिस' म्हणजे 'मी', पण करणारा मी. 'गे लोंग गि गेन दुन' म्हणजे 'भिक्षूंचा संघ'.

हा 'गिस' मराठी माणसाला जड जाऊ नये. 'त्याने ऐकलं' यात आपण 'ने' लावतोच. फक्त 'मी ऐकलं' म्हणताना तो दिसत नाही. जुन्या मराठीत तो दिसायचा: 'म्यां ऐकलें'. 'दाग गिस थ्यो पा' म्हणजे नेमकं हे 'म्यां ऐकलें'. मूळ संस्कृतात 'मया श्रुतम्' आहे, त्या 'मया'साठी हा 'गिस' आलाय.

पुढे 'छो की' आहे, त्यातला 'की' हाही 'गि'चाच भाऊ, अर्थ तोच. आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर रूप ठरतं. 'छो'च्या लिखाणात शेवटी 'स' आहे म्हणून 'क्यि', 'लोंग'च्या शेवटी 'ङ' आहे म्हणून 'गि', आणि 'ग्याल पो' स्वरान्त आहे म्हणून नुसता 'इ' चिकटून 'पोई'.

पालीप्रेमी
पाठाबद्दल घाई केली, ताई. पण 'मे'चं एक सांगतो. पाली अट्ठकथेत त्याचे तीन अर्थ दिलेत: माझ्याकडून, माझ्यासाठी, माझं. तिबेटीत तसे होतात का?

तळटीप
नाही होत. संस्कृतातला 'मया' एकच अर्थ देतो आणि 'गिस' तोच धरतो. 'माझं ऐकणं' म्हणायचं असतं तर 'दाग गि' लिहिलं असतं.

आता 'शुग'. इथे अर्धविराम यांच्याशी माझं जुळत नाही. ही दोन निराळी क्रियापदं आहेत. पहिलं लिखाणात 'ब्झुग्स' आहे, दुसरं 'झुग्स'. त्या 'झ'चा ल्हासाकडे 'श' होतो, आणि आधीचा 'ब' उच्चारत नाहीत. 'ब्झुग्स' म्हणजे राहणे, बसणे, पण आदराने. आपण 'विराजमान असणे' म्हणतो त्या जातीचं. दुसरं 'झुग्स' हे 'जुग' म्हणजे शिरणे, प्रवेश करणे याचं भूतकाळाचं रूप. भगवान डोंगरावर 'ब्झुग्स' आणि समाधीत 'झुग्स'.

पोथी हाताशी नसेल तर आधीच्या 'ला'कडे पाहा. 'री ला' म्हणजे डोंगरावर, 'तिंग ङे जिन ला' म्हणजे समाधीत, आतल्या दिशेने. आपलाही 'ला' दोन्ही कामं करतो: पुण्याला राहतो, पुण्याला गेलो. ध्वनीचं साम्य योगायोगाचं, पण लक्षात ठेवायला फार सोयीचं.

अर्धविराम
'ब'चं पटलं. मी तो 'ब' भूतकाळाचा धरला होता, कारण पुष्कळ क्रियापदांना भूतकाळात आधी 'ब' लागतो. पण मग 'सो' तर भूतकाळाचा ना?

तळटीप
'सो' फक्त सांगतो की वाक्य इथे संपलं. क्रियापदाचं शेवटचं अक्षर घेऊन त्याला 'ओ' जोडतात. 'झुग्स'च्या शेवटी 'स', म्हणून 'सो'. 'यिन' म्हणजे 'आहे', त्याचं 'यिन नो' होतं, आणि त्यात भूतकाळ कुठेच नाही. इथला भूतकाळ 'झुग्स' या रूपातच आहे.

'ते' याच्या उलट: वाक्य अजून संपलेलं नाही, पुढे ऐका. म्हणून तो 'ऊन'सारखा वाटतो, आणि बऱ्याच जागी 'ऊन'ने काम भागतंही. इथे नाही भागत. 'ते'नंतर 'देई छे', म्हणजे 'त्या वेळी', आलंय आणि भगवानांचं नाव पुन्हा घेतलंय. 'भगवान राहून त्या वेळी भगवान समाधीत शिरले' असं मराठीत कुणी म्हणणार नाही. 'राहत होते, आणि त्या वेळी' असंच म्हणावं लागेल.

नवशिकी
आज आजींना विचारलं. त्यांनी 'ब' दाखवला आणि म्हणाल्या, 'हा बोलायचा नाही, बघायचा.' मग मी वहीत लिहिलं:

'असं म्यां एके काळी ऐकलं. भगवान राजगृही गृध्रकूट पर्वतावर भिक्षूंच्या मोठ्या संघासह आणि बोधिसत्त्वांच्या मोठ्या संघासह राहत होते, आणि त्या वेळी भगवान 'गंभीर अवभास' नावाच्या धर्मपर्यायाच्या समाधीत शिरले.'

तळटीप
छान. एकच सुचवतो: पहिला 'संघासह' नुसता 'संघ' करा. पहिला 'दांग' म्हणजे 'आणि', दुसरा 'दांग' पुढच्या 'थाब चिग तु'शी जोडून 'सह'. तो 'सह' दोन्ही संघांना मिळून एकदाच लागतो.

पालीप्रेमी
मला ते 'एके काळी' खटकतं. आम्ही 'एकं समयं' पुढच्या 'भगवा'ला जोडतो: एके काळी भगवान राहत होते. तुम्ही ते ऐकण्याला जोडलंत.

तळटीप
तिबेटी पोथीत दंड 'दू चिग ना'च्या नंतर येतो, म्हणून ताईंनी तसं घेतलं. पण 'ना' एवढंच सांगतो की 'त्या काळी'. कुणाच्या क्रियेचा काळ ते सांगत नाही. दोन्ही बाजूंचे वाचणारे जुन्या काळापासून आहेत. मी स्वतः दंडाला मानतो.

पालीप्रेमी
दंड नंतर कुणीतरी मारलेला असतो. मी नाही मानत.

नवशिकी
मग वहीत दोन्ही ठेवते. आजी मात्र 'ना'नंतर श्वास घेतात, रोज.